२६ जूनच्या परिपाठाला व्यसनावर बोलायचं असेल तर

कोल्हापूरच्या शाळांत २६ जूनला दोन कार्यक्रम एकत्र येतात. एक शाहू जयंती, आणि दुसरा त्याच तारखेला जगभर पाळला जाणारा अमली पदार्थविरोधी दिन. शाहू महाराजांवर बोलायला जुनी मंडळी तयारच असतात. मग 'व्यसनमुक्तीवर पाच मिनिटं' हे काम बहुतेक वेळा नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकाकडे येतं. शाळा सुरू होऊन दहा-बारा दिवस झालेले असतात, मुलांची नावंही नीट पाठ नसतात. असं काम ज्यांच्याकडे पहिल्यांदा आलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आठवी ते दहावीची मुलं समोर आहेत असं धरलंय.

माझं पहिलं भाषण मी कॅन्सरच्या फोटोंवर उभं केलं होतं. फोटो मोठे करून पुठ्ठ्यावर चिकटवले होते. आठवीच्या मुलींनी डोळे मिटले, दहावीची शेवटची रांग हसली. मधल्या सुट्टीत एक मुलगा आला आणि अगदी साधेपणानं म्हणाला, "बाई, आमचं आजोबा ऐंशीचं हाईत. रोज तंबाखू खातात. त्यास्नी काय झालं नाही. मग?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळच्या भाषणात मी 'तंबाखू खाल्ली की कॅन्सर होतोच' असं म्हणून बसले होते, आणि त्या मुलाच्या घरात रोज त्याच्या उलट पुरावा जेवायला बसत होता. त्यानंतर दर वर्षी भाषण लिहून झालं की मी ते या आजोबांच्या प्रश्नासमोर धरते. तिथं जे वाक्य टिकत नाही ते कापते.

आधी खोटी वाक्यं काढा

नेहमीच्या भाषणातलं 'एकदा चव घेतली की आयुष्य संपलं' हे वाक्य घ्या. समोरच्या रांगांत अशी काही मुलं असणारच ज्यांनी एकदा मावा तोंडात टाकलाय किंवा लग्नात कुणाच्या ग्लासातून घोट घेतलाय. त्यांचं आयुष्य संपलेलं नाही, ती सकाळी गणिताचा गृहपाठ करून आली आहेत. हे वाक्य खोटं आहे हे त्यांना स्वतःच्या अनुभवानं माहीत असतं, आणि त्या क्षणापासून तुमचं पुढचं खरं बोलणंही ती ऐकत नाहीत. खरी गोष्ट अशी आहे की एकदा घेणाऱ्या प्रत्येकाला सवय लागत नाही, पण कुणाला लागेल हे आधी ओळखता येत नाही. जितक्या लहान वयात सुरुवात, तितकी सवय लागण्याची शक्यता जास्त, एवढं मात्र पक्कं आहे. हेच सांगा. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तरही असंच आहे: तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होत नाही, पण कुणाला होईल हे आधी ओळखता येत नाही.

मजा येते हेही लपवू नका. सिगारेटमधलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि तरतरी आल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा मावा खाणाऱ्याला मात्र बऱ्याचदा गरगरतं, घाम येतो, मळमळतं. हा निकोटिनचाच परिणाम. पुढे शरीर सरावतं, गरगरणं थांबतं आणि तरतरीही कमी होते. मग न खाल्ल्यावर चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि खाल्ल्यावर ती थांबते. 'मावा खाल्ला की डोकं शांत होतं' असं मोठी माणसं म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. मात्र ती अस्वस्थता आदल्या मात्रेनंच आणलेली असते. हे नीट समजावलं की मुलं माना डोलावतात, कारण घरातल्या कुणाचा तरी सकाळचा मूड त्यांना आठवतो.

घरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपल्याकडे कितीतरी घरांत आजी मिशरी लावते, वडिलांच्या खिशात माव्याची पुडी असते. 'व्यसनी माणूस म्हणजे घरादाराला कलंक' असलं काही माइकवर म्हटलं तर ते मूल मान खाली घालतं आणि त्याच्या लेखी तुम्ही त्याच्या बापाला शिवी दिलेली असते. माणसाला नावं न ठेवता पदार्थाबद्दल बोला.

आणि तीन गोष्टी भाषणात नकोतच. हुंगायच्या वस्तूंची नावं आणि पद्धत घेऊ नका, ज्यांना माहीत नव्हतं त्यांना त्यातून माहिती मिळते. पुड्या किंवा बाटल्या दाखवू नका. आणि 'व्यसनातून बाहेर आलेल्या' पाहुण्याला बोलावून त्याची कहाणी ऐकवू नका. हे तिसरं अनेकांना पटत नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं मिळून प्रतिबंधाचे जे निकष काढलेत, त्यांत भीती घालणं आणि अशा माणसांचे अनुभव ऐकवणं या दोन्ही गोष्टी शाळेत उपयोगी न पडणाऱ्या, कधी उलट परिणाम करणाऱ्या म्हणून नोंदल्या आहेत. मुलांच्या बाजूनं पाहिलं तर कारण कळतं. स्टेजवर धडधाकट माणूस उभा असतो, त्याच्यासाठी टाळ्या वाजतात, आणि मुलांच्या मनात राहतं की यानं सगळं केलं आणि तरी याचं बरं चाललंय.

चिठ्ठ्यांची पेटी

भाषणाच्या चार दिवस आधी आठवी ते दहावीच्या सगळ्या वर्गांत एकसारखी छापील चिठ्ठी वाटा. तिच्यावर दोनच प्रश्न. पहिला: गेल्या ३० दिवसांत तू तंबाखू, मावा, सिगारेट, दारू यांतलं काही एकदा तरी घेतलंस का? दुसरा: तुझ्या वयाच्या १०० मुलांपैकी किती जण घेत असतील असं तुला वाटतं? पहिल्याला फक्त खूण, दुसऱ्याला फक्त आकडा, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. नाव नाही, तुकडी नाही. चिठ्ठ्या वर्गशिक्षकानं गोळा करू नयेत, पेटी वर्गातून फिरवावी आणि ज्यांना लिहायचं नाही त्यांनीही कोरी चिठ्ठी घडी करून टाकावी.

मी जेव्हा जेव्हा हे केलं तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे आकडे पहिल्यापेक्षा कितीतरी मोठे निघाले. मुलांना वाटतं निम्मी शाळा घेते. घेणारी मुलं दिसतात, त्यांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. न घेणाऱ्याची गोष्टच नसते, म्हणून तो कुणाच्या हिशेबात येत नाही. 'सगळेच करतात' हा खरा दबाव आहे, आणि तो बऱ्याच अंशी चुकीच्या मोजणीवर उभा असतो.

तुमच्या शाळेचा आकडा मोठा निघाला, किंवा मुलं थोडी असल्यामुळे कोण ते ओळखू येईल असं वाटलं, तर तो वाचू नका. तेव्हा राष्ट्रीय आकडा वापरा. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुलांनी गेल्या ३० दिवसांत तंबाखू घेतल्याचं सांगितलं. म्हणजे शंभरातले आठ-नऊ. हा फक्त तंबाखूचा आकडा आहे आणि मुलांनी स्वतः सांगितलेला आहे, तेही सांगून टाका.

मुख्याध्यापकांशी एक बोलणं

भाषण लिहायच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्या: जो मुलगा किंवा मुलगी आपण होऊन मदत मागायला येईल त्याचं शाळा काय करणार? दाखला हातात देऊ अशी धमकी त्याला मिळणार नाही, हे मुख्याध्यापकांकडून स्पष्ट घ्या. ते तयार नसतील तर 'माझ्याकडे या, काही होणार नाही' हे वाक्य भाषणात घालू नका. एका मुलाचा विश्वासघात झाला की ती बातमी मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेत पोचलेली असते.

भाषण

मैदानावर उभ्या मुलांसमोर सहा मिनिटं पुष्कळ होतात. माझ्या वेगानं त्यात सहाशेच्या आसपास शब्द बसतात. सुरुवातीला सुविचार नको, कविता नको. मी अशी सुरुवात करते:

"सोमवारी तुम्ही चिठ्ठ्या टाकल्या. तुम्हाला विचारलं होतं, शंभरातली किती मुलं घेत असतील? तुम्ही सरासरी बेचाळीस लिहिलं. आणि स्वतःबद्दल हो म्हणणारे किती निघाले? शंभरात नऊ. म्हणजे तुमच्या आजूबाजूला एक्याण्णव जण असे आहेत जे घेत नाहीत आणि ज्यांना वाटतंय की आपण एकटेच आहोत."

(हे आकडे नमुन्याचे. तुमच्या पेटीतून जे निघतील ते घाला.) इथं थांबा. मुलं एकमेकांकडे बघतात, ते बघू द्या.

मग दबावाचं खरं रूप. पुस्तकात वाईट संगतीचा एक दुष्ट मुलगा असतो. रंकाळ्याच्या कट्ट्यावर तसा कुणी नसतो. तिथं आपलाच मित्र असतो, ज्याच्याबरोबर आपण तालमीच्या मांडवात रात्रभर जागलोय, ज्यानं आपल्याला सायकल दिलीय. तो प्रेमानंच म्हणतो. म्हणून 'वाईट मित्रांपासून दूर राहा' या उपदेशाचा मुलाला काही उपयोग नसतो. त्याला मित्र सोडायचा नसतो, मावा सोडायचा असतो. भाषणात हे दोन मुलांकडून करून घेते. एक दिवस आधी सराव, चाळीस सेकंद, बोली त्यांचीच:

"ए भावा, टाक की जरा. काय हुतंय?"
"नको भावा. मला न्हाई झेपत."
"आयला, बारका हाईस व्हय अजून?"
"असू दे की. चल, मॅच सुरू व्हायला आली."

एवढंच. नकार छोटा आहे, कारण दिलंय ते वादाला जागा न ठेवणारं आहे, आणि शेवटी विषय बदलून मित्राला बरोबर घेतलंय. 'तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे' असं कट्ट्यावर कोणी बोलत नाही, बोललं तर वर्षभर चिडवतात. मुलांना मी सांगते की तुमचं स्वतःचं एक वाक्य आजच ठरवा आणि घरी आरशासमोर दोनदा मोठ्यानं म्हणा, कारण ऐन वेळी सुचत नाही. मुलींच्या बाजूनंही एक संवाद बसवा, त्यांच्यावरचा दबाव वेगळ्या शब्दांत येतो. आणि कुणालाही झिंगलेल्याची नक्कल करू देऊ नका. हशा मिळतो आणि बाकीचं सगळं त्या हशात वाहून जातं.

त्यानंतर मी एका प्रयोगाची गोष्ट सांगते. १९५० च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना रेघा दाखवल्या. यातली कोणती रेघ त्या रेघेएवढी आहे, एवढाच प्रश्न. खोलीतले बाकीचे सगळे आधी पढवलेले होते, ते मुद्दाम चुकीचं सांगत. समोर उत्तर ढळढळीत दिसत असूनही ज्याची परीक्षा चालली होती तो जवळपास एक तृतीयांश वेळा घोळक्यासारखं चुकीचं बोलला. पण त्या घोळक्यातल्या एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तर हे बळी पडणं आधीच्या साधारण चौथ्या हिश्शावर आलं. मुलांना मी यातून एकच काम देते: "कट्ट्यावर दुसरा कुणी 'नको' म्हणाला, तर तू लगेच म्हण, 'मला पण नको.' पहिला 'नको' म्हणायला धाडस लागतं. दुसरा म्हणायला एवढंसंच लागतं, पण पहिल्याला वाचवतो तो दुसराच." माझ्या अनुभवात भाषणातला हा भाग मुलांच्या सर्वांत जास्त लक्षात राहतो, कारण ज्यांना स्वतःवर भरवसा नसतो त्यांनाही दुसरा होणं जमण्यासारखं वाटतं.

शरीराबद्दल मी एकच गोष्ट घेते, सुपारीची. 'मावा नाही बाई, नुसती सुपारी' असं मुलं म्हणतात, आणि गोड सुगंधी सुपारीची पुडी पाचवी-सहावीतच हातात येते. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तिला पहिल्या गटात टाकलंय. पण परिपाठाला मी कॅन्सरपाशी जात नाही. त्याआधीचं सांगते. सतत सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होऊ शकते. सुरुवातीची खूण म्हणजे तिखट सोसत नाही. मिसळीचा कट किंवा तांबडा रस्सा तोंडात घेतला की आग होते. नंतर तोंड पूर्ण उघडत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. जात नसतील किंवा तिखट अचानक लागायला लागलं असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जायचं. ताठ झालेलं पुन्हा पहिल्यासारखं होणं अवघड असतं, पण लवकर थांबलं तर पुढचं वाढणं रोखता येतं. यात घाबरवणं नाही. जी खूण मुलाला स्वतःला तपासता येते ती हातात दिली आहे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत अर्धी शाळा तोंडात बोटं घालून बघते.

दारूबद्दल एकच सूचना, आणि ती मी आवाज बदलून सांगते, कारण ती जिवाची आहे: "वरातीत, हळदीत, मिरवणुकीत कुणी इतकी प्यालाय की हाक मारून, हलवूनही उठत नाही, तर त्याला झोपू दे म्हणून सोडून जायचं नाही. कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. ताक, लिंबू काही पाजायचं नाही, उलटी काढायला लावायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत जवळ बसायचं. ओरडा बसेल ही भीती नंतर बघू." यावर काही सहकारी म्हणतात की यानं प्यायला परवानगी दिल्यासारखं होतं. मला ते पटत नाही. आग लागल्यावर काय करायचं हे शिकवलं म्हणून कुणी घराला आग लावत नाही.

कायद्याचं दोन वाक्यांत उरका. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणं २००३ च्या कायद्यानं बंद आहे. ही बंदी विकणाऱ्याला धरते, हे मुलांना स्पष्ट सांगा. पुष्कळांना वाटतं पोलीस आपल्यालाच नेतील, आणि म्हणून ती मदत मागत नाहीत.

शेवटी कुणाकडे जायचं ते. शाळेतल्या एका माणसाचं नाव, बसण्याची जागा, वेळ. 'शिक्षकांना सांगा' एवढ्यानं कुणी येत नाही. 'मी बुधवारी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात असते' म्हटलं की येतात. बाहेरचे तीन नंबर फलकावर लिहून ठेवा, भाषणात पाठ म्हणत बसू नका: मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानस १४४१६, व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मुलांसाठी १०९८. तिन्ही नंबर आदल्या दिवशी स्वतः लावून बघा. पलीकडे काय विचारतात हे माहीत असलं की मुलाला सांगता येतं.

शपथ मी घेत नाही. हात पुढे करून 'मी कधीही व्यसन करणार नाही' म्हणताना, ज्यानं काल मावा खाल्लाय त्याला आपण शाळेसमोर खोटं बोलायला लावतो. असा मुलगा बुधवारी ग्रंथालयात कसा येईल?

बोलताना आणि नंतर

बोलताना रांगांकडे लक्ष ठेवा. एखाद्या वाक्याला सगळ्यांच्या माना एकाच मुलाकडे वळल्या तर ते वाक्य तिथंच सोडा, पुढचा मुद्दा घ्या, आणि त्याला त्या दिवशी मुद्दाम बोलवू नका. चार दिवसांनी दुसऱ्या कामाच्या निमित्तानं बोला.

कुणी आलं तर 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. मी म्हणते, "तू सांगशील ते मी वाऱ्यावर सोडणार नाही. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर घरी सांगावं लागेल, पण आधी तुला सांगीन आणि आपण दोघं मिळून सांगू." मग ऐकायचं. कुणी दिलं, कुठं मिळतं ही चौकशी पहिल्या भेटीत नको. रोज मावा खाणाऱ्या मुलानं सोडायचं ठरवलं तर पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड जातात आणि तीन-चार आठवड्यांत तगमग बरीच ओसरते, हे त्याला आधी सांगा. नाहीतर तिसऱ्या दिवशीची चिडचिड बघून त्याला वाटतं की आपल्याला हे जमणारच नाही. रोजची दारू किंवा हुंगण्याची सवय असेल तर ते शिक्षकाचं काम नाही. पालकांना बरोबर घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा.

एका भाषणानं कुणाची सवय सुटत नाही. एवढं होऊ शकतं की 'सगळेच करतात' ही मोजणी जरा खाली येते आणि दोन-तीन मुलांना बुधवारचा पत्ता कळतो. ते झालं का हे बघायला जुलैअखेरीस तीच पेटी, तीच चिठ्ठी परत फिरवा आणि फक्त दुसऱ्या प्रश्नाचे आकडे मांडा. बेचाळीसचे तीस झाले असतील तर पुढच्या परिपाठाला तो आकडा मुलांना वाचून दाखवा. तसाच राहिला असेल तर वर्गावर्गात जाऊन, दहा-दहा मुलांचे गट करून तेच दोन संवाद पुन्हा करून घ्या. त्या वेळी 'नको' कोणत्या शब्दांत म्हणायचं ते मुलांना ठरवू द्या.